तेलातला लसूण : १९८५च्या व्हँकुव्हरपासून लिंबाच्या आम्लापर्यंत

१९८५च्या उन्हाळ्यात कॅनडातील व्हँकुव्हरच्या एका उपाहारगृहात जेवून गेलेल्या ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषामुळे पक्षाघात आणणारी विषबाधा, झाली. मात्र ही साथ आहे हे बरेच दिवस कोणाच्या ध्यानात आले नाही. ग्राहक जेवून आपापल्या गावी पांगले होते आणि अनेकांच्या दुखण्याला डॉक्टरांनी आधी भलतीच नावे दिली होती. तिथे जेवून हजारो किलोमीटर दूर माँट्रियलला परतलेल्या एका आईचे आणि तिच्या दोन मुलींचे निदान झाले, तेव्हा कुठे धागा त्या उपाहारगृहापर्यंत पोहोचला. दोष निघाला सँडविचच्या पावाला लावलेल्या लसणाच्या लोण्याचा. त्यात वापरलेला लसूण बारीक चिरून सोयाबीन तेलात भरलेला, बाटलीबंद होता. बाटलीवर 'थंड जागी ठेवा' अशी सूचना होती, तरीही ती महिनोन्महिने खोलीच्या तापमानाला राहिली होती.

तेलामुळे पदार्थ टिकतो, हा आपला अनुभव आहे. लोणच्यावर तेलाचा थर ठेवतो तो बुरशीला हवा मिळू नये म्हणूनच. इथे नेमकी तीच गोष्ट उलटते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू मातीत राहतो आणि त्याला वाढायला हवा नको असते. लसूण मातीतूनच येतो, त्यामुळे सालीबरोबर, मुळांबरोबर या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, सुप्त रूपे, येऊ शकतात. उघड्यावर ते निद्रिस्त राहतात. तेलात बुडाल्यावर मात्र हवा तुटते. लसणात निम्म्याहून अधिक पाणी असते आणि आम्ल अगदी कमी असते, म्हणजे पीएच साधारण ५.३ ते ६.३; हा आकडा जितका लहान, तितके आम्ल जास्त. जिवाणूला रोखायला पीएच ४.६ किंवा त्याहून कमी हवा. ओलावा, हवेचा अभाव, कमी आम्ल आणि ऊब अशा चारही गोष्टी एका बाटलीत जमल्या, की बीजाणू जागे होऊन विष तयार करू शकतात.

वास घेऊन खात्री करता येत नाही. प्रयोगशाळेत बीजाणू घातलेला, तेलातला लसूण ३५ अंश सेल्सियसला ठेवला, तेव्हा विष तयार झाले, पण वास आणि रूप संशय यावा इतके बदलले नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ३५ अंश ही स्वयंपाकघरातली नेहमीचीच गोष्ट आहे.

'आधी तेलात तळून घेतला, मग काय?' हा पुढचा प्रश्न. विष उष्णतेने निकामी होते, ८५ अंशांवर पाच मिनिटांत. बीजाणू मारायला मात्र बरण्या दाबाखाली तापवणाऱ्या प्रेशर कॅनरचे १२१ अंश लागतात. तेल कितीही तापले तरी पाकळीत पाणी असेपर्यंत तिचा गाभा १०० अंशांच्या आसपासच राहतो. म्हणून मंद आचेवर मऊ शिजवलेला लसूण जास्त फसवा ठरतो: इतर जंतू मेलेले असतात आणि बीजाणूंना मैदान मोकळे मिळते. अगदी कुरकुरीत, कोरडा झालेला लसूण वेगळा. त्यात वाढीपुरते पाणीच उरत नाही.

व्हँकुव्हरनंतरही असा लसूण विकण्याचा नियम बदलला नाही. १९८९मध्ये न्यूयॉर्क राज्यातील किंग्स्टनला तेलातल्या लसणाने तिघे आजारी पडले. उरलेल्या लसणाचा पीएच ५.७ निघाला आणि त्यात विष सापडले. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आम्ल किंवा जिवाणुरोधक न घातलेले असे मिश्रण विकण्यास मनाई केली. आज बाजारातल्या बरणीच्या घटकांत सायट्रिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड दिसते, ते यामुळे. नुसत्या 'थंड ठेवा' या सूचनेवर भिस्त ठेवायची नाही, हा धडा मिळायला दोन घटना लागल्या, हे जरा उशिराचेच.

घरी करायचे तर अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठाने तपासलेली रीत आहे. लसूण पाव इंचापेक्षा (सहा मिलिमीटर) लहान चिरायचा. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून तीन टक्क्यांचे द्रावण करायचे. वजनाने एक भाग लसणाला तीन भाग द्रावण घ्यायचे, म्हणजे १५० ग्रॅम लसणाला ४५० ग्रॅम. लसूण पूर्ण बुडवून २४ तास ठेवायचा, मग निथळून तेलात घालायचा. अख्ख्या पाकळीत आम्ल गाभ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही, म्हणून चिरण्याची पायरी टाळू नये. आपल्या लसणाच्या लोणच्यात भरपूर लिंबूरस किंवा व्हिनेगर आणि मीठ असते. त्याचे गणित वेगळे. नुसत्या तेलात बुडवलेल्या आलं-लसूण पेस्टला ते लागू नाही.

आम्ल न घातलेला लसूण तेलात हवाच असेल, तर फ्रिजमध्ये चार दिवस, नाहीतर फ्रीझरमध्ये. त्याहून जुना लसूण चाखून पाहू नये, टाकून द्यावा. खाल्ल्यावर बहुधा १२ ते ३६ तासांत एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, गिळताना किंवा बोलताना अडखळू लागले तर थेट रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते सांगावे. प्रतिविष जितके लवकर, तितका पुढचा पक्षाघात कमी.