शिजवणीच्या पाण्यातून होणारा पोषकऱ्हास

डाळ किंवा भाजी उकळून तिचे पाणी ओतून दिले की त्यात उतरलेली पोषकद्रव्येही मोरीत जातात. यात प्रामुख्याने पाण्यात विरघळणारी द्रव्ये असतात: क जीवनसत्त्व, फोलेट, थायमिन यांसारखी ब गटातील जीवनसत्त्वे आणि पोटॅशियम. प्रथिने, तंतू व कॅरोटीन बहुतांशी अन्नातच राहतात.

विरघळणे आणि नष्ट होणे यांत गल्लत होते. फोलेट व पोटॅशियम पाण्यात उतरले तरी ते पाणी पोटात गेल्यास परत मिळतात. क जीवनसत्त्व मात्र उष्णतेने मोडतेही, त्यामुळे पाणी ठेवूनही त्याची पूर्ण भरपाई होत नाही. डाळ लवकर शिजावी म्हणून घातलेल्या सोड्याने थायमिनचा नाश होतो, तोही असाच न भरून येणारा.

नाशिकच्या घरांत याचे उत्तम उदाहरण होळीच्या पुरणात सापडते. एक वाटी हरभराडाळीला चार वाट्या पाणी घेतात, डाळ बोटाने दाबली की मोडेल इतकी शिजवतात आणि चाळणीत निथळतात; पाणी राहिले तर पुरण सैल होते व पोळी फुटते. खाली उरलेला कट पिवळसर, किंचित दाट असतो. त्याला काळा मसाला, चिंच-गूळ लावून कटाची आमटी होते आणि विरघळलेला बराचसा भाग ताटात परततो. कुकरमध्ये मोजक्या पाण्यात डाळ शिजवली तर कटच उरत नाही, घटही टळते. मात्र आमटीलाही मुकावे लागते.

पालेभाजीत नुकसान जास्त, कारण पाने पातळ. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून आणलेली पालकाची जुडी भरपूर पाण्यात उकळून पिळली, तर फोलेट साधारण निम्मे जाते. वाफवल्यास फारसे जात नाही. म्हणून जुडी अख्खी धुवावी, मग चिरावी आणि पानांना चिकटलेल्या पाण्यावरच परतावी. पाण्याच्या रंगावरून अंदाज बांधू नये. बटाट्याचे पाणी जवळजवळ रंगहीन दिसते, पण फोडी करून उकळल्यास त्यात निम्म्याच्या आसपास पोटॅशियम उतरते. बटाटा किसून उकळल्यास त्याहूनही जास्त.

हीच घट काहींना हवी असते. मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना पोटॅशियम मर्यादित ठेवायला सांगितलेले असते, त्यांच्यासाठी बटाटा लहान चिरून भरपूर पाण्यात उकळतात आणि पाणी टाकतात. नुसते रात्रभर भिजवून फारसा उपयोग होत नाही. अळू, पालक यांतील विद्राव्य ऑक्झलेटही उकळून पाणी टाकल्याने कमी होते, तेव्हा मुतखड्याची तक्रार असलेल्यांच्या घरी पालक पिळणे चुकीचे नाही. राजमा भिजवलेले पाणी तर टाकावेच: वायू धरवणाऱ्या शर्करा त्यात उतरतात. त्यानंतर राजमा ताज्या पाण्यात नीट उकळून शिजवावा लागतो, कारण अर्धकच्च्या दाण्यातील लेक्टिनमुळे उलट्या होऊ शकतात.