‘माल मिळालाच नाही’: चार्जबॅकच्या उत्तरामागचा १९७४ चा कायदा

ग्राहकाने कार्डावरच्या रकमेवर हरकत घेतली, की बँक ती रक्कम विक्रेत्याकडून परत घेते, तो चार्जबॅक. त्याच्या उत्तरात विक्रेत्याकडून डिलिव्हरीचा पुरावा मागतात, त्याचं मूळ अमेरिकेतल्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टमध्ये आहे. १९७४ साली मंजूर झालेला हा कायदा ऑक्टोबर १९७५ पासून लागू झाला. न मिळालेल्या मालाची रक्कम बिलात आली, तर ती बिलातली चूक धरून ग्राहकाने बिल निघाल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी कळवायचं, अशी त्यात सोय होती. माल पोचला किंवा रवाना झाला, हे बँकेने स्वतः ठरवल्याशिवाय ती तक्रार फेटाळता येत नाही. आता बँकेला कुरिअरबद्दल काय ठाऊक? ते कागद असतात विक्रेत्याकडे, म्हणून विचारणा तिथपर्यंत पोचते.

कार्ड कंपन्यांनी आपल्या नियमांतून हीच पद्धत जगभर नेली आणि एका बाबतीत ती कडक केली. कायद्याला माल ‘रवाना केला’ एवढं चालत होतं. व्हिसाच्या १३.१ या कोडखाली, म्हणजे ‘माल मिळाला नाही’ या तक्रारीत, ठरलेल्या पत्त्यावर ग्राहकाला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला माल मिळाल्याचा पुरावा लागतो. नुसती बुकिंगची पावती जोडणारे इथेच हरतात.

समजा, येवल्याच्या विक्रेत्याने न्यू जर्सीला पैठणी पाठवली आणि मे महिन्यात १३.१ चा चार्जबॅक आला. उत्तराची पहिली ओळ ऑर्डर क्रमांक, रक्कम आणि तक्रारीचा कोड सांगणारी हवी. पुढे तारखा: ३ मार्चला ऑर्डर, ६ मार्चला पार्सल कुरिअरकडे, १४ मार्चला दारात सही, १६ मार्चला ग्राहकाचा मेल, ‘इथे फॉल-पिको कुठे करून मिळेल?’ प्रत्येक तारखेपुढे जोडपत्राचा क्रमांक. माझ्या मते या गठ्ठ्यातला सगळ्यात वजनदार कागद सहीपेक्षा तो मेल आहे, कारण साडी हातात नसलेला माणूस फॉल-पिकोची चौकशी करत नाही.

ट्रॅकिंगच्या पानावर नुसतं शहराचं नाव आणि ‘डिलिव्हर्ड’ असेल, तर पुरावा लंगडा पडतो. कुरिअरकडून पूर्ण पत्त्याचा दाखला मागवावा आणि तो ऑर्डरवरच्या पत्त्याशी शब्दशः जुळतो का, ते पाहावं. ग्राहकाने मध्येच पत्ता बदलला असेल, तर त्याचा तो निरोपही जोडावा लागतो. वाचणाऱ्याने ना साडी पाहिलेली असते ना ग्राहक. त्याच्यासमोर फक्त हे कागद असतात. ग्राहकाच्या अप्रामाणिकपणावर लिहिलेला परिच्छेद त्याच्या काही कामाचा नाही.

कोड मात्र आधी वाचावा. १०.४ असेल, तर ग्राहकाचं म्हणणं ‘व्यवहार मी केलाच नाही’ असं असतं. तिथे पार्सल पोचल्याची सही एकटी पुरत नाही. २०२३ पासून व्हिसा त्यासाठी त्याच कार्डावरचे किमान दोन जुने, वाद न झालेले व्यवहार आणि त्यांच्याशी जुळणारा आयपी पत्ता किंवा उपकरण अशा खुणाही पुरावा म्हणून धरते.