“मित्र नाही हो, नुसती ओळख”: वीक टाईजची कल्पना आली कुठून

जवळचे मित्र आपल्यासाठी जीव टाकतात, मग नोकरीची किंवा धंद्याची खबर मात्र वर्षाकाठी एकदा भेटणाऱ्या माणसाकडूनच का येते? अशा लांबच्या ओळखींना वीक टाईज म्हणतात, आणि याचं उत्तर शोधायला १९६०च्या दशकाच्या शेवटाकडे जावं लागतं, बॉस्टनला लागून असलेल्या न्यूटन गावात.

मार्क ग्रॅनोव्हेटर तेव्हा हार्वर्डमध्ये समाजशास्त्रात पीएचडी करत होता. त्याने नुकतीच नोकरी बदललेले २८२ पुरुष निवडले, सगळे मॅनेजर, टेक्निकल किंवा प्रोफेशनल कामातले. त्यातल्या १०० जणांना तो प्रत्यक्ष भेटला आणि बाकीच्यांना पोस्टाने प्रश्नावली पाठवली. प्रश्न साधाच होता, ही नोकरी आहे हे तुम्हाला कळलं कसं? निम्म्याहून जास्त लोकांना ते कुणातरी माणसाकडून कळलं होतं, जाहिरात वगैरे बरीच मागे. मग तो विचारायचा की मित्राने सांगितलं का, आणि लोक त्याची चूक सुधारायचे, मित्र नाही हो, नुसती ओळख आहे. हे इतक्यांदा झालं की त्याने तोच धागा धरला.

आता नातं जवळचं की लांबचं हे मोजायचं कसं? त्याने सोपी पट्टी घेतली, खबर मिळाली त्या काळात तुम्ही त्या माणसाला किती वेळा भेटत होता. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ज्या ५४ जणांची ही माहिती होती त्यात आठवड्यातून निदान दोनदा भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले फक्त ९ होते. ३० जणांचा माणूस अधूनमधून भेटणारा होता, आणि १५ जणांचा वर्षातून एकदा किंवा तेवढंही न भेटणारा. म्हणजे जुना सहकारी, आधीचा बॉस, कॉलेजमधला कुणीतरी, ज्याच्याशी संपर्क जवळपास सुटलेला होता आणि कुठेतरी अचानक गाठ पडली किंवा मध्ये कुणीतरी दोघांच्या ओळखीचं निघालं आणि बोलता बोलता विषय निघाला. मला या सगळ्या अभ्यासात हाच भाग सगळ्यात जास्त भिडतो, कारण यातली बरीच माणसं नोकरी शोधायला म्हणून त्या ओळखीच्याकडे गेलीच नव्हती.

कारण त्याने असं मांडलं. समजा तुमचे दोन जिवलग मित्र आहेत, तर ते दोघं एकमेकांना ओळखत असण्याची शक्यता खूप जास्त, कारण तुमच्यामुळे ते कधी ना कधी भेटतातच. त्यामुळे जवळच्यांचं एक बंद वर्तुळ तयार होतं आणि त्यात जी खबर फिरते ती तुम्हाला आधीच माहीत असते. दोन वर्तुळांना जोडणारा पूल मग जवळपास नेहमी लांबच्या ओळखीचाच असतो (प्रत्येक लांबची ओळख पूल असतेच असं नाही हं, हे लोक हमखास विसरतात). मित्राची मदत करायची इच्छा जास्त असते यात वादच नाही, पण तो वावरतो तुमच्याच जगात.

ही कल्पना मांडणारा लेख त्याने १९६९ मध्ये अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यूकडे पाठवला, आणि त्यांनी तो नाकारला! शेवटी मे १९७३ मध्ये तो अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजीत आला आणि पुढे समाजशास्त्रातल्या सगळ्यात जास्त संदर्भ दिल्या जाणाऱ्या लेखांपैकी एक ठरला.

पण ५४ माणसं, सगळे पुरुष, एकच गाव, यावरून सगळ्या जगाबद्दल बोलायचं म्हणजे अवघडच. १९९७ मध्ये यानजिए बियान याने चीनच्या तियानजिन शहराचा अभ्यास छापला, तिथे नोकऱ्या सरकार वाटायचं आणि उलटंच चित्र दिसलं, घट्ट नाती जास्त कामाला येत होती. कारण तिथे नुसती खबर मिळून उपयोग नव्हता, अधिकाऱ्याने शब्द टाकायला हवा होता, आणि नियमाबाहेरचा असा शब्द कुणी नुसत्या ओळखीवर टाकत नाही, त्याला भरवसा लागतो.

मोठी परीक्षा झाली ती २०२२ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये आलेल्या लिंक्डइनच्या प्रयोगात. ‘या लोकांना तुम्ही ओळखत असाल’ म्हणून जी नावं दिसतात ना, ती वेगवेगळ्या लोकांना मुद्दाम वेगवेगळ्या पद्धतीने दाखवली गेली, पाच वर्षांत दोन कोटींहून जास्त लोकांवर. त्यामुळे कुणाला लांबच्या ओळखी जास्त मिळाल्या, कुणाला जवळच्या, आणि नंतर नोकरी कुणी बदलली ते पाहता आलं. लांबच्या ओळखी खरंच सरस ठरल्या, पण एका मर्यादेपर्यंतच, सगळ्यात उपयोगी निघाल्या त्या मधल्या, म्हणजे ज्यांच्याशी तुमचे साधारण दहाएक कॉमन कॉन्टॅक्ट आहेत अशा. एकही धागा समान नसलेल्या माणसाचा फायदा पुन्हा कमी व्हायला लागतो. शिवाय हे जास्त करून डिजिटल कामाच्या क्षेत्रांत दिसलं, जिथे काम तितकं डिजिटल नाही तिथे घट्ट नातीच पुढे होती.