क्रॉस-प्लॅटफॉर्म सहकारी खेळ

वेगवेगळ्या यंत्रांवर बसलेले खेळाडू ज्यात एकाच वेळी, एकाच डावात, एकमेकांच्या साथीने खेळू शकतात असे व्हिडिओ गेम. एकाकडे कन्सोल, दुसऱ्याकडे संगणक आणि तिसऱ्याकडे फक्त फोन अशी मित्रमंडळी एका जगात उतरतात, तेव्हा त्या सोयीला खेळाडू ‘क्रॉसप्ले’ म्हणतात.

खेळ सगळ्या यंत्रांवर विकत मिळतो, म्हणजे त्यात क्रॉसप्ले आहेच, असे मात्र नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ संगणक, कन्सोल आणि फोन या तिन्हींवर मिळतो. संगणकावर आणि कन्सोलवर चौघे मिळून शेती करण्याची सोयही आहे. तरीही निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवरचा मित्र संगणकावरच्या शेतात येऊ शकत नाही. दुसरी गफलत क्रॉस-सेव्हची होते. त्यात खेळाडू स्वतःची प्रगती एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेतो, पण दुसऱ्या यंत्रावरचा मित्र शेजारी येऊन उभा राहीलच असे नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी पाहायचे ते एवढेच : आपल्याकडच्या नेमक्या तीन यंत्रांची नावे एकाच क्रॉसप्ले यादीत आहेत का. कन्सोल आणि संगणक जोडणारे खेळ आता भरपूर आहेत. यादी आटते ती फोन आल्यावर.

एक डाव जमायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. सगळ्यांकडे खेळाची एकच आवृत्ती हवी, सगळ्यांची ओळख एकाच खातेव्यवस्थेत हवी आणि ते जग कुठल्या तरी यंत्रावर चालू हवे. यातली मधली अट वर्षानुवर्षे व्यापारी कारणांनी अडली होती. सोनीने सप्टेंबर २०१८ मध्ये ‘फोर्टनाइट’पासून इतर कन्सोलसोबतच्या क्रॉसप्लेला वाट करून दिली. त्यानंतर हे गणित सर्वांसाठी सुटू लागले.

माइनक्राफ्ट बेडरॉक : एक पूर्ण उदाहरण

तिन्ही प्रकारची यंत्रे, खराखुरा सहकार आणि महिनोन्‌महिने टिकणारे सामाईक जग हे एकत्र हवे असेल, तर ‘माइनक्राफ्ट’ची बेडरॉक आवृत्ती ही सर्वांत भरवशाची निवड आहे. २०१७ साली फोन, विंडोज आणि एक्सबॉक्स वन यांच्या आवृत्त्या एक झाल्या. २०१८ मध्ये स्विच आणि डिसेंबर २०१९ मध्ये प्लेस्टेशन ४ त्यात आले.

समजा चौघे मित्र आहेत. पहिल्याकडे विंडोज संगणक, दुसऱ्याकडे प्लेस्टेशन ५, तिसऱ्याकडे स्विच आणि चौथ्याकडे अँड्रॉइड फोन आहे. पहिली चूक बहुधा संगणकावरच होते. तिथे ‘माइनक्राफ्ट’च्या दोन आवृत्त्या असतात, जावा आणि बेडरॉक. विंडोजवर दोन्ही एकत्रच विकल्या जातात आणि एकाच लाँचरमध्ये शेजारीशेजारी दिसतात. संगणकवाल्याने सवयीने जावा उघडली, तर बाकी तिघांना त्याचे जग कधीच दिसणार नाही. कुठेही चुकीची सूचना येत नाही, मित्रांच्या यादीत ते जग नुसते नसते. संगणक मॅक असेल तर बेडरॉकचा मार्गच बंद होतो. मग जावाचा स्वतंत्र सर्व्हर उभारून त्यावर ‘गायझर’ हा दुभाषी प्रोग्रॅम बसवावा लागतो. तो बेडरॉकची भाषा जावाच्या भाषेत बदलतो, पण दोन्ही आवृत्त्यांतले सगळेच बारकावे त्याला सारखे करता येत नाहीत.

आवृत्ती जुळली की ओळख. चौघांनाही मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, प्लेस्टेशन आणि स्विचवरही. कन्सोलवर साइन-इन निवडले की पडद्यावर एक पत्ता आणि एक कोड येतो. तो फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकला की कन्सोल त्या खात्याला जोडला जातो. कुठले खाते जोडायचे हे आधीच पक्के ठरवावे, कारण खेळाडूची पोतडी, म्हणजे त्याने जमवलेले सामान, जगाच्या फाइलमध्ये त्या खात्याच्या नावाने साठते. तोच मित्र उद्या दुसऱ्या खात्याने आला, तर तो रिकाम्या हाताने सुरुवातीच्या जागी उगवतो. त्याचे सामान हरवलेले नसते. जुन्या खात्याने आत गेले की जसेच्या तसे मिळते. याचा फायदाही आहे. एकाच खात्याने संध्याकाळी कन्सोलवर आणि दुसऱ्या दिवशी फोनवर आले, तरी पोतडी तीच राहते.

यानंतर चौघांनी गेमरटॅग, म्हणजे खात्याचे खेळातले नाव, शोधून एकमेकांना मित्र करून घ्यायचे. संगणकवाला जग तयार करताना मल्टिप्लेअरच्या पानावर `Multiplayer Game` चालू ठेवतो आणि परवानगी फक्त मित्रांपुरती ठेवतो. मग बाकीच्यांना मित्रांच्या यादीत ते जग दिसते. असे जग यजमानासह जास्तीत जास्त ८ जणांना सामावते. पैशांचा खर्च कन्सोलवाल्यांनाच येतो. ऑनलाइन खेळण्यासाठी प्लेस्टेशनवर पीएस प्लस, स्विचवर निन्टेंडो स्विच ऑनलाइन आणि एक्सबॉक्सवर त्याची वर्गणी लागते. संगणक आणि फोन यांना खेळाच्या किमतीपलीकडे काही द्यावे लागत नाही.

यजमान कोणी व्हावे हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. जग यजमानाच्या यंत्रावर चालते, म्हणून तो बाहेर पडला की सगळे बाहेर पडतात. फोनवाला यजमान असेल आणि त्याला मध्येच कॉल आला किंवा त्याने दुसरे अॅप उघडले, तर फोन खेळाला झोपवतो आणि चौघांचा डाव मोडतो. शिवाय बेडरॉकमध्ये प्रत्येक खेळाडूभोवतीचा ठरावीक भाग जिवंत ठेवला जातो. त्याला सिम्युलेशन अंतर म्हणतात आणि ते चंकमध्ये मोजतात. एक चंक म्हणजे १६ × १६ ठोकळे. चौघे एकाच गावात असतील तर एकच भाग चालवावा लागतो, चौघे चार दिशांना गेले तर चार. हा सगळा भार यजमानावर पडतो. म्हणून संगणक यजमान असावा आणि सिम्युलेशन अंतर ४ चंकवर ठेवावे. हे अंतर लहान ठेवल्याचा परिणाम असा, की कोणी जवळ नसताना दूरचे शेत वाढत नाही. तो बिघाड समजू नये. फोनवाल्याने स्वतःच्या चित्रसेटिंगमध्ये दृश्य-अंतर कमी केले, तर त्याचा फोन कमी तापतो आणि इतरांच्या चित्रात काहीच बदलत नाही.

संगणकाला यजमान करण्याचे आणखी एक कारण म्हणजे जगाची प्रत. संगणकावरून आणि फोनवरून जग `.mcworld` फाइल म्हणून बाहेर काढता येते. प्लेस्टेशन आणि स्विचवर तसे सरळ काढता येत नाही. कन्सोलवर सुरू केलेले जग दुसरीकडे न्यायचे, तर आधी ते रेल्म्स या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीच्या सर्व्हरसेवेवर चढवून मग तिथून दुसऱ्या यंत्रावर उतरवावे लागते.

जोडणी होत नसेल तेव्हा

बहुतेक अपयशांमागे आवृत्तीचा फरक असतो. नवे अद्यतन आल्यावर कन्सोल आपोआप पुढे जातो आणि फोनच्या स्टोअरवर ते अजून पोचलेले नसते, किंवा याच्या उलट होते. अशा वेळी `Outdated client` यासारखी सूचना येते. मुख्य पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा असतो, तो चौघांनी एकमेकांना वाचून दाखवला की मागे कोण आहे ते कळते. मागे असलेल्याने हाताने अद्यतन शोधावे. पुढे गेलेल्यांना मागे येता येत नाही आणि नव्या आवृत्तीत एकदा उघडलेले जग जुन्या आवृत्तीला उघडत नाही. म्हणून घाईने दुसऱ्या यंत्रावर जग उघडण्यापेक्षा थांबलेले बरे. ‘प्रीव्ह्यू’ हा चाचणीचा वेगळा अॅप आहे, तो चालवणाऱ्याला नेहमीच्या खेळातले मित्र सापडत नाहीत.

आवृत्ती सारखी असूनही `Unable to connect to world` येत असेल, तर आधी पाहावे की कोणाकोणाला येते. कोणालाच आत येता येत नसेल, तर दोष यजमानाच्या जाळ्यात आहे. त्याचा राउटर बाहेरून येणारी जोडणी अडवत असतो. राउटरमध्ये यूपीएनपी, म्हणजे खेळाला लागणारी वाट आपोआप उघडण्याची सोय, चालू करून राउटर आणि खेळ दोन्ही पुन्हा सुरू करावेत. एकाच मित्राला येत नसेल तर दोष त्याच्याकडे आहे. फोनवाला मोबाइल डेटावर असल्यास त्याला वायफायवर आणून पाहावे, कारण मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात आणि थेट जोडणी तिथे अडकते. एवढे करूनही जमत नसेल, तर यजमान बदलून पाहणे हा सर्वांत झटपट निदानाचा मार्ग आहे.

तिसरे कारण लहान मुलांच्या खात्यांचे. तिथे मल्टिप्लेअर आणि इतर जाळ्यांवरच्या खेळाडूंसोबत खेळणे या दोन वेगवेगळ्या परवानग्या असतात आणि त्या बंद असू शकतात. त्या खेळात सापडत नाहीत. पालकाने `account.xbox.com/settings` वर स्वतःच्या खात्याने जाऊन त्या चालू कराव्या लागतात. मग मुलाच्या यंत्रावर साइन-आउट करून पुन्हा साइन-इन करावे.

यजमान नसतानाही खेळायचे असेल

संगणकवाला झोपल्यावरही बाकीच्यांना घर बांधत राहायचे असेल, तर जग कायम चालू राहील अशा जागी हलवावे लागते. चौघांच्या या मिश्रणासाठी सरळ उपाय रेल्म्स हाच आहे. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर चालणाऱ्या या जगाची वर्गणी एकट्या मालकाने भरायची असते. छोट्या योजनेत मालकासोबत एका वेळी २ जण येऊ शकतात, मोठ्या रेल्म्स प्लसमध्ये १०. चौघांना म्हणून मोठीच योजना लागते. मालक सोडून तिघे आहेत, एवढ्या एका माणसाने छोटी योजना अपुरी पडते.

स्वतःचा बेडरॉक सर्व्हर चालवणेही शक्य आहे. त्याच्या `server.properties` फाइलमध्ये या ओळी पाहाव्यात :

```
server-port=19132
max-players=10
online-mode=true
allow-list=true
tick-distance=4
```

राउटरवर यूडीपी १९१३२ हे पोर्ट त्या यंत्राकडे वळवावे लागते. यूडीपीऐवजी टीसीपी वळवण्याची चूक इथे वारंवार होते. मात्र सर्व्हरचा पत्ता टाकण्याची जागा फक्त संगणकावर आणि फोनवर असते. कन्सोलवर ठरावीक सर्व्हरांचीच यादी दिसते. कन्सोलवाले मित्र असताना म्हणून या वाटेला जाऊ नये.

बोलण्याची सोय खेळाबाहेर करावी. कन्सोलचा पार्टी चॅट फोनवाल्याला सापडत नाही. डिस्कॉर्ड संगणक, फोन, एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन ५ यांवर चालतो. स्विचवाल्याने मात्र शेजारी फोन ठेवून त्यावरून बोलावे.

इतर खेळ

‘गेन्शिन इम्पॅक्ट’ फोन, संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांवरच्या ४ जणांना एकत्र आणतो, पण तो दर वेळी एकाच्या जगात जाण्याचा प्रकार आहे. प्रत्येकाची अॅडव्हेंचर रँक किमान १६ हवी आणि सर्व्हरचा प्रदेश एकच हवा. प्रदेश खेळ सुरू करतानाच निवडावा लागतो आणि तिथली प्रगती दुसऱ्या प्रदेशात नेता येत नाही. आपल्यापेक्षा वरच्या वर्ल्ड लेव्हलच्या मित्राकडे जाता येत नाही, तोच आपल्याकडे येऊ शकतो. कथेच्या मोहिमा एकट्यानेच कराव्या लागतात. ‘स्काय : चिल्ड्रन ऑफ द लाइट’ फोन, स्विच, प्लेस्टेशन आणि संगणक जोडतो. त्यात कोणी नवखा असेल तर अनुभवी मित्र त्याचा हात धरून त्याला उडवत नेऊ शकतो. ज्याचे हात स्पर्शपडद्यावर अडखळतात अशा मित्रासाठी ही सोय फार मोलाची आहे.