गटकर्जाच्या पासबुकातले रकाने आले कुठून, आणि ते वाचायचे कसे

नागपुरात पारडी, वाठोडा, यशोधरानगरपासून कामठीपर्यंत गटाच्या मीटिंगला बाया जे लोन कार्ड किंवा पासबुक घेऊन येतात, त्यात तीन गोष्टी पाहायच्या असतात: भरलेली किस्त, कापलेला विमा आणि उरलेली शिल्लक. गोंधळ बहुतेक शेवटच्या दोहोंत असतो. ते रकाने आज जसे दिसतात तसे का झाले, हे कळलं की चूक कुठे शोधायची तेही कळतं.

आधी एक फरक लक्षात घ्यावा. नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलेल्या बचत गट–बँक जोडणीत कर्ज गटाच्या नावावर असतं आणि बँकेचं पासबुकही गटाचंच असतं. इथे विषय आहे तो संयुक्त देयता गटाचा. यात प्रत्येकीचं कर्ज वेगळं, कार्ड वेगळं, पण हमी एकमेकींची. ही पद्धत बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेच्या धर्तीवर आपल्याकडे पसरली.

सुरुवातीच्या काळात अनेक संस्था व्याज सपाट दराने सांगत. म्हणजे कर्ज फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. अशा कार्डावर फक्त हप्त्याचा आकडा आणि सही असली तरी भागायचं, कारण मुद्दल किती फिटलं हे दाखवण्याची गरजच वाटत नव्हती. काही संस्था कर्जातूनच सुरक्षा ठेवही कापून घेत. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र प्रदेश सरकारने वसुलीच्या जाचाविरुद्ध वटहुकूम काढला, रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली आणि तिचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सूक्ष्मवित्त कंपन्यांसाठी नियम झाले: कर्जदाराकडून व्याज, प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता या तीनच गोष्टी घ्यायच्या. शुल्क कर्जाच्या १ टक्क्याहून जास्त नको, विम्याचा खर्च प्रत्यक्ष लागला तेवढाच, सुरक्षा ठेव बंद. कार्डावर व्याजाचा खरा दर आणि प्रत्येक हप्त्याची पोच असावी, आणि नोंदी स्थानिक भाषेत असाव्यात, हेही तेव्हाच ठरलं.

१ एप्रिल २०२२ पासून नवी चौकट आली आणि ती बँकांनाही लागू झाली. व्याजदरावरची मर्यादा त्यात गेली, पण कार्डाची सक्ती राहिली. विम्यासारखी जोड सेवा कर्जदाराच्या पूर्ण संमतीनेच द्यायची आणि तिचं शुल्क कार्डावरच लिहायचं, हा नियम आता आहे. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही, आणि उशिराचा दंड लावायचा तर थकलेल्या रकमेवरच लावायचा, सगळ्या कर्जावर नाही.

आता एक उदाहरण घेऊ. कर्ज ४०,००० रुपये, घटत्या शिलकीवर वार्षिक २४ टक्के, २४ मासिक किस्ती. किस्त येते २,११५ रुपये. प्रक्रिया शुल्क ४०० आणि त्यावरचा जीएसटी ७२. बाई आणि नवरा दोघांच्या विम्याचे ९०० धरू. खात्यात जमा होतील ३८,६२८ रुपये, पण कार्डावरची पहिली शिल्लक ४०,००० च असेल आणि व्याजही ४०,००० वरच लागेल. ही चूक नाही. चूक तेव्हा, जेव्हा कापलेल्या १,३७२ रुपयांची फोड कार्डावर सापडत नाही. हाती आलेल्या रकमेवर हिशोब केला, तर हे कर्ज २४ नव्हे, सुमारे २७.७ टक्क्यांना पडतं. म्हणूनच १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना द्यायच्या मुख्य तथ्य विवरणपत्रात वार्षिक दर विमा आणि शुल्क धरून दाखवावा लागतो. कार्डासोबत तो कागद मागून घ्यावा.

काही वेळा विम्याचे पैसे कापत नाहीत, कर्जात मिळवतात. मग करारात ४०,९०० दिसतात आणि दोन वर्षं विम्याच्या रकमेवरही व्याज चढतं. करारातली रक्कम, कार्डावरची पहिली शिल्लक आणि बँक खात्यातली जमा, हे तीन आकडे शेजारी ठेवले की दोन्हींपैकी काय झालं ते दिसतं.

विम्याच्या ओळीत रकमेइतकंच बाकीचंही पाहावं. विमा कोणाकोणाचा, नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का, वारस कोण, प्रमाणपत्राचा क्रमांक काय. नवऱ्याच्या वयात घोळ असला की दावा अडतो, आणि तो घोळ मृत्यूनंतरच उघडा पडतो. विमा-रक्कम कायम आहे की दर महिन्याला घटणारी, हेही विचारावं. घटणारं संरक्षण ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे उतरतं. त्यामुळे चार किस्ती थकलेल्या असतील तर तेवढी रक्कम दाव्यात भरून निघत नाही. जुनं कर्ज मोडून नवं घेतलं की विमाही नव्याने कापला जातो. अशा वेळी जुन्या विम्याच्या उरलेल्या काळाचा परतावा पॉलिसीत बसतो का, हे लेखी विचारावं.

शिलकीचा ताळा सोपा आहे. मागची शिल्लक गुणिले वार्षिक दर भागिले १२, म्हणजे त्या महिन्याचं व्याज. पहिल्या महिन्यात ८०० रुपये व्याज, १,३१५ मुद्दल, शिल्लक ३८,६८५. दुसऱ्या महिन्यात व्याज साधारण ७७४ वर येतं. पंधरवड्याची किस्त असेल तर १२ ऐवजी २६ ने भागावं. दिवसांवर मोजलं की दोन-चार रुपयांचा फरक पडतो. व्याजाचा आकडा दर वेळी तोच राहिला, तर हिशोब सपाट दराचा आहे. याच कर्जावरचं एकूण व्याज १०,७६० होतं, जे सपाट भाषेत जेमतेम साडेतेरा टक्के सांगता येतं. दर विचारताना घटत्या शिलकीवरचा विचारायचा तो यासाठी.

सगळ्यात महाग पडणारी गल्लत अशी. बारा किस्ती भरल्यावर मुद्दल उरतं २२,३६३ रुपये, पण उरलेल्या बारा किस्तींची बेरीज होते २५,३८०. काही कार्डांवर शिलकीच्या रकान्यात हा दुसरा आकडा असतो. त्या दिवशी कर्ज बंद करायचं म्हटलं, तर पुढच्या वर्षाचं ३,०१७ रुपये व्याज देणं लागतच नाही. बंद करण्यापूर्वी संस्थेकडून त्या तारखेची मुद्दल-शिल्लक आणि तोवरचं व्याज लेखी घ्यावं.

नोंदी विस्कटण्याचे दोन मोठे प्रसंग विदर्भाने पाहिले. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर रोकड आटली, कर्जमाफीच्या अफवा पसरल्या आणि अनेक वस्त्यांतल्या मीटिंगा मोडल्या. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट किस्ती पुढे ढकलण्याची सवलत होती, पण त्या काळातलं व्याज चालूच होतं. किस्ती थांबल्या म्हणून शिलकही थांबली, असा समज झाला आणि मुदत वाढलेली पाहून भांडणं झाली. असा खंड कोणत्याही कारणाने पडला, तर जुन्या वेळापत्रकावर रेघ ओढून भागत नाही, नवं वेळापत्रक मागावं.

एरवीच्या मीटिंगमध्ये दोन जागा सांभाळाव्यात. गैरहजर बाईची किस्त बाकीच्यांनी भरली, तर पोच तिच्याच कार्डावर, त्याच दिवशी लागली पाहिजे. आपसातलं देणं कार्डावर येत नाही, ते गटाच्या वहीत लिहावं. आणि क्यूआरवरून भरलेली किस्त कार्डावर चढवायची राहून जाते. वसुलीवाल्या भाऊंकडून व्यवहार क्रमांकासह ती लिहून घ्यावी. कर्ज फिटलं की कार्डावर अंतिम परतफेडीची पोच देणं हे संस्थेवर बंधनकारक आहे. ती न देता कार्ड परत मागितलं, तर कार्ड हातचं सोडू नये. तक्रारीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर त्याच कार्डावर असावा लागतो.