मिडीच्या इनपुटला ऑप्टोकपलर का असतो, त्याची मागची गोष्ट

दोन सर्किटमध्ये सिग्नल तर जायला हवा पण तांब्याची तार मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जायला नको, ही गरज तशी तारयंत्राच्या काळापासूनची. तेव्हा रिले वापरायचे, इकडे कॉइल आणि तिकडे कॉन्टॅक्ट, मधे फक्त चुंबकत्व. नाहीतर ट्रान्सफॉर्मर. पण रिले हळू आणि झिजणारा, आणि ट्रान्सफॉर्मरमधून डीसी जात नाही, म्हणजे नुसतं चालू की बंद एवढं सांगायचं असेल तर तो कामाचा नाही. मग 1961 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधे बियर्ड आणि पिटमन यांना गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडमधून इन्फ्रारेड प्रकाश निघतो हे दिसलं, आणि 1963 मध्येच अकमेनकाल्न्स आणि सहकाऱ्यांनी असा प्रकाश देणारा डायोड आणि तो ओळखणारा सेमीकंडक्टर समोरासमोर ठेवायच्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. ऑप्टोकपलर म्हणजे एवढंच, काळ्या डबीत एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला फोटोट्रान्झिस्टर आणि मधे प्रकाश जाऊ देणारं पण वीज न जाऊ देणारं इन्सुलेशन.

आता मिडीकडे, म्हणजे कुठली नोट कधी वाजवायची हे कीबोर्ड आणि सिंथेसायझर एकमेकांना कळवतात त्या पद्धतीकडे. 1981 मध्ये सिक्वेन्शियल सर्किट्सच्या डेव्ह स्मिथ यांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांशी बोलावेत म्हणून एक प्रस्ताव मांडला, त्यात साधा पाव इंची जॅक होता आणि वेग सेकंदाला 19,200 बिट. पुढे रोलंड वगैरे जपानी कंपन्यांबरोबर चर्चा होऊन 1983 मध्ये मिडी आलं तेव्हा वेग 31,250 झाला आणि इनपुटला ऑप्टोकपलर सक्तीचा झाला. कारण होतं ग्राउंड लूप.

हे नीट समजून घ्यायला हवं कारण इथेच लोक गोंधळतात. स्टेजवर दोन कीबोर्ड आहेत, दोघांच्या ऑडिओ केबल एकाच मिक्सरला जातात, म्हणजे दोघांचं ग्राउंड मिक्सरमधून आधीच जोडलेलं आहे. आता मिडी केबलनेही ग्राउंड जोडलं की दुसरा रस्ता तयार झाला, म्हणजे एक बंद कडी झाली, आणि त्या कडीत आजूबाजूच्या मेनच्या वायरींमुळे छोटा करंट फिरायला लागतो आणि तो ऑडिओच्या शील्डवरून जाताना स्पीकरमधून 50 हर्ट्झची घुंईं ऐकू येते (अमेरिकेत 60). वर डिजिटल सर्किटची किरकिर वेगळीच. ऑप्टोकपलरने ऑडिओचं ग्राउंड तुटत नाही, तो फक्त दुसरा रस्ता होऊ देत नाही, आणि तेवढं पुरतं!

यासाठी सिग्नल व्होल्टेजचा न ठेवता करंटचा ठेवला. पाठवणाऱ्याच्या 5 व्होल्टमधून 220 ओहमचा रेझिस्टर, मिडी सॉकेटच्या पिन 4 मधून बाहेर, समोरच्याकडे आणखी एक 220 आणि मग एलईडी, परत पिन 5 मधून येऊन पाठवणाऱ्याकडे तिसरा 220. एलईडीवर साधारण दीड व्होल्ट पडतो, उरलेले साडेतीन भागिले 660, म्हणजे पाचेक मिलिअँपिअर. हा करंट जिथून निघाला तिथेच परत येतो, घेणाऱ्याच्या ग्राउंडला शिवतसुद्धा नाही. शील्डची पिन 2 फक्त आउटच्या बाजूला ग्राउंड करायची, इनला मोकळी. 2014 च्या सुधारणेत इनला छोट्या कपॅसिटरमधून जोडायची मुभा दिली, पण ती रेडिओच्या गोंगाटासाठी, 50 हर्ट्झला तो कपॅसिटर जवळपास उघडाच.

कुठलाही ऑप्टोकपलर मात्र चालत नाही. एक बिट 32 मायक्रोसेकंदांचा, आणि सिग्नल चढायला किंवा उतरायला लागणारा वेळ 2 मायक्रोसेकंदांच्या आत हवा. चार पायांचा स्वस्त पीसी817 लावला तर त्याचा ट्रान्झिस्टर पूर्ण चालू झाल्यावर बंद व्हायला इतका वेळ घेऊ शकतो की बिट फाटतात, मग नोट अडकतात किंवा भलत्याच वाजतात. म्हणून तेव्हा शार्पचा पीसी-900 किंवा एचपीचा 6एन138 सुचवला होता.

पण तोच पीसी817 मोबाइलच्या चार्जरसारख्या पॉवर सप्लायमधे अगदी योग्य, आणि तिथे प्रश्न जिवाचा असतो. तिथे एका बाजूला 230 चे रेक्टिफाय होऊन झालेले सव्वातीनशे व्होल्ट, दुसऱ्या बाजूला आपण हात लावतो ते 5 व्होल्ट, आणि आउटपुट किती आहे हे सव्वातीनशे व्होल्टच्या बाजूला कळवायचं तर तार न जोडता. पीसी817 वर एक मिनिटासाठी 5000 व्होल्टची टेस्ट असते. पण चिप कितीही चांगली असली तरी खालच्या बोर्डवर दोन्ही बाजूंचे ट्रॅक जवळ आणले की सगळं वाया, म्हणून चांगल्या बोर्डवर तिच्याखाली खाच कापलेली दिसते. मिडीच्या ऑप्टोकपलरवर मात्र शॉकपासून वाचायचा भरवसा ठेवू नका, ऑडिओ केबलने ग्राउंड जोडलेलंच आहे, तिथे अर्थिंगच नीट हवं.

स्वस्त यूएसबी-मिडी केबलमधे काही वेळा ऑप्टोकपलर चक्क गाळलेला असतो. तपासायचं तर सगळं अनप्लग करून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक मिडी इनच्या पिन 4 ला, दुसरं यूएसबीच्या धातूच्या कव्हरला, मग तसंच पिन 5 आणि पिन 2 ला. कुठेही बीप आला तर आयसोलेशन नाही. बीप नाही आला म्हणून लगेच खूश होऊ नका, कारण ऑप्टोकपलर गाळून नुसता रेझिस्टर लावलेला असेल तरी बीप येत नाही, त्यामुळे ओहमच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर पण बघा, प्रोब उलटसुलट करून. दोन्ही वेळा ओपन दाखवलं पाहिजे.