भाषांतर वेगळे, समतुल्यता वेगळी: परदेशी प्रवेशासाठी गुणपत्रिका आणि अभ्यासक्रम

परदेशी विद्यापीठासाठी कागदपत्रे तयार करताना विद्यार्थी आणि पालक बहुतेक वेळा दोन कामे एकच समजतात. पहिले काम भाषांतर, म्हणजे गुणपत्रिकेत जे छापले आहे ते दुसऱ्या भाषेत जसेच्या तसे आणणे. दुसरे समतुल्यता ठरवणे, म्हणजे तिथल्या पद्धतीत या गुणांची आणि विषयांची किंमत किती हे सांगणे. पहिले काम भाषांतरकाराचे, दुसरे विद्यापीठाचे किंवा त्याने नेमलेल्या मूल्यांकन संस्थेचे. जर्मनीतली अनेक विद्यापीठे त्यासाठी युनी-असिस्टकडे अर्ज पाठवायला सांगतात, तर अमेरिका आणि कॅनडासाठी वेस ही संस्था पुष्कळ जण वापरतात. भाषांतरकाराने दुसऱ्या कामात हात घातला की नुकसान विद्यार्थ्याचेच होते.

‘प्रथम श्रेणी’ हा शब्द घ्या. एखाद्या मंडळात ती ६० टक्क्यांपासून सुरू होते. ब्रिटिश विद्यापीठांच्या पदवीत ‘फर्स्ट क्लास’ साधारण ७० टक्क्यांपासून मिळतो. शब्द तोच, उंची वेगळी. तरीही भाषांतर ‘फर्स्ट क्लास’ असेच करावे, कारण कागदावर तेच लिहिलेले आहे. गैरसमज टाळायची जागा वेगळी आहे. गुणपत्रिकेच्या मागे बारीक अक्षरात श्रेणींच्या टक्केवारीचा तक्ता असतो, तो पूर्ण भाषांतरित करायचा. मागची बाजू वगळलेली भाषांतरे मी खूप पाहिली आहेत, आणि मला ही सगळ्यात महागडी चूक वाटते.

ती महाग का पडते, ते जर्मन पद्धतीत नीट दिसते. तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० हा उत्तीर्ण होण्याचा शेवटचा गुण. परदेशी गुण तिकडे नेण्यासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात:

```
x = 1 + 3 × (Nmax − Nd) / (Nmax − Nmin)
```

Nmax म्हणजे मिळू शकणारे कमाल गुण, Nmin म्हणजे उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे किमान गुण आणि Nd म्हणजे विद्यार्थ्याचे गुण. समजा विद्यार्थ्याला ७८ टक्के आहेत आणि उत्तीर्णतेची रेषा ३५ आहे. मग २२ ला ६५ ने भागून ३ ने गुणायचे आणि १ मिळवायचा, उत्तर २.० येते. भाषांतरातून ३५ ची ओळ गळली आणि तपासणाऱ्याने ५० धरले, तर तेच ७८ टक्के २.३ होतात. मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमात एवढ्या फरकाने नाव यादीबाहेर जाऊ शकते.

उलटी चूकही होते. ‘विशेष प्रावीण्य’ वाचून उत्साही भाषांतरकार ‘झेअर गुट’, म्हणजे जर्मनमध्ये ‘अतिशय चांगले’, असे लिहितो. जर्मन पद्धतीत त्याचा अर्थ १.० ते १.५. आपल्या ७८ टक्क्यांचे गणित तर २.० सांगते, म्हणजे नुसते ‘गुट’, चांगले. कागद आणि गणित जुळले नाही की तपासणारा भाषांतरावरच शंका घेतो, आणि ती शंका मग बाकीच्या पानांवरही पसरते.

विषयांच्या नावांत मोह आणखी मोठा. ‘गणित भाग १’ मध्ये प्रामुख्याने बीजगणित असते, म्हणून ‘अल्जेब्रा’ लिहावेसे वाटते. लिहू नये. ‘मॅथेमॅटिक्स पार्ट वन’ एवढेच. आत काय शिकवले हे सांगायला अभ्यासक्रमाचे भाषांतर आहेच, आणि तुलना करणारा नाव सोडून तिथलीच प्रकरणे वाचतो. मंडळाने स्वतःचे इंग्रजी नाव छापले असेल तर तेच वापरावे, आपल्याला दुसरे अधिक चांगले वाटले तरी. ‘कार्यानुभव’साठी ‘वर्क एक्सपीरियन्स’ लिहिले तर वाचणाऱ्याला ती नोकरी वाटेल, हा धोका खरा आहे. तिथे नाव तसेच ठेवून चौकोनी कंसात ‘शालेय विषय’ अशी भाषांतरकाराची टीप द्यावी. टीप वेगळी दिसली पाहिजे. मूळ मजकुरात मिसळलेली टीप म्हणजे बदल.

अभ्यासक्रमात एक शब्द विशेष फसवतो: ‘तासिका’. नावात तास आहे म्हणून ती ‘अवर’ होते. पण तासिका ४० मिनिटांची असेल तर १२० तासिका म्हणजे ८० तास. शिकवण्याचे तास मोजून विषयाचे वजन ठरवले जात असेल, तर हा दीडपट फुगवटा शाळेच्या वेळापत्रकासमोर लगेच उघडा पडतो. ‘पीरियड’ लिहावे. मिनिटे मूळ कागदावर नसतील तर भाषांतरात घालू नयेत. शाळेकडून तासिकेच्या कालावधीचे शिक्क्यासह पत्र घ्यावे आणि त्याचेही भाषांतर जोडावे.

मग विद्यार्थ्याने आपली बाजू मांडायचीच नाही का? मांडावी, पण वेगळ्या कागदावर. डावीकडे आपला विषय, उजवीकडे तिथे मागितलेला विषय, मधे अभ्यासक्रमातल्या पानाचा क्रमांक. खाली सही विद्यार्थ्याची असावी. त्या तक्त्यावर भाषांतरकाराचा शिक्का मारून घेऊ नये, कारण तो शिक्का फक्त मजकूर मुळाबरहुकूम असल्याची साक्ष देतो.